कोणाची, कुठली

आमच्याकडे माणसाला नाव शेवटी विचारतात. आधी गाव, मग कोणाचे, मग मामा कुठले. सिडकोच्या स्टँडवरून जालन्याच्या गाडीत बसलं की करमाड यायच्या आत शेजारच्या माणसाशी काहीतरी सोयरीक निघालेली असते, आणि नाही निघाली तर दोघांनाही चुकल्यासारखं वाटतं. मी शहराच्या छावणी भागात वाढले, एके काळी भिक्षुकी आणि कारकुनी करणाऱ्या घरात. तिथं गोत्र आणि मूळ गाव विचारायचे, एवढाच फरक. मला या चौकशीची लहानपणापासून चीड. कोणी मामांचं गाव विचारलं की मी मुद्दाम खोटं सांगायचे, आणि आई घरी आल्यावर माझा कान पिळायची. या चौकशीने पुढे माझी झोप उडवली, तेव्हा आईची आठवण आली.

मी नोकरी करते ती एका लहान कंपनीत. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम आणि वर आम्ही. मराठीतून काहीही शोधता येईल असं ॲप आम्ही चालवतो. लोक त्यात हवामान बघतात, बाजारभाव बघतात, परीक्षेचे निकाल, दवाखाने, गोळ्यांची नावं, सरकारी योजना, भाज्या, देवदेव, सगळं. कोणी, कधी, काय शोधलं आणि समोर आलेल्यातलं काय उघडलं याची नोंद आपोआप होत राहते. त्या सगळ्या नोंदींना आम्ही लॉग म्हणतो. तो सांभाळणं हे माझं काम. पुंडलिकनगरच्या माझ्या शेजारणींना अजून वाटतं की मी कॉम्प्युटर दुरुस्त करते.

एका विद्यापीठातल्या संशोधकांनी आमच्याकडे हा लॉग मागितला. मराठीत लोक प्रश्न कसे विचारतात, पहिल्यांदा नीट उत्तर मिळालं नाही तर शब्द कसे बदलून बघतात, याचा अभ्यास करायला त्यांच्याकडे काहीच सामग्री नव्हती. मागणी रास्त होती. ते ही फाइल सगळ्यांसाठी खुली ठेवणार होते, म्हणजे कोणीही उतरवून घ्यावी आणि मराठीचा शोध सुधारावा. आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, हरखून गेले. ते शेतकरी घरातले, स्वतःच्या हिमतीवर उभे राहिलेले, आणि मराठीसाठी काही करायचं म्हटलं की त्यांचे डोळे खरोखर भरून यायचे. मला ते आवडायचं. कधी कधी त्याचा रागही यायचा.

"सगळ्यांचे मोबाइल नंबर काढा, नावं काढा, आणि द्या पाठवून," सर म्हणाले. "इतकं सिंपल आहे."

तसं मी सुरू केलं. पहिल्यांदा मोबाइल नंबराच्या जागी त्या नंबरापासूनच एका सूत्राने तयार केलेली अक्षरांची माळ घालावी असं ठरत होतं. मी ते मोडून काढलं. सूत्र माहीत असेल तर दहा आकडी सगळे नंबर कोणीही एकामागून एक त्यात घालून बघू शकतो आणि माळ जुळली की नंबर हातात. म्हणून प्रत्येक माणसाला कशाशीच संबंध नसलेला एक नवा क्रमांक दिला आणि कोणाला कोणता दिला ती जुळणी पुसून टाकली. सर खूश झाले. मी काही खूश नव्हते. कुठं काय खुपतंय ते सांगता येत नव्हतं, पण खुर्चीत पाच मिनिटं बसवत नव्हतं. घरात मला पायाला भिंगरी लागलेली म्हणतात ते उगीच नाही.

खुपत होतं ते हे, की एका माणसाचे सगळे प्रश्न अजून एकाच क्रमांकाखाली होते. संशोधकांना तेच हवं होतं, कारण एकाच माणसाने शब्द कसे बदलले हे त्याशिवाय कळत नाही. पण कित्येक महिने माणूस काय काय विचारतो ते ओळीने लावलं की तो माणूसच समोर उभा राहतो. मी हे सरांना सांगितलं.

"मॅडम, नाव नाही, नंबर नाही. ओळखणार कसं? चेहरा आहे का त्याच्यावर?" सर हसले. "ओळखून दाखवा बरं कोणी."

हे जेवणानंतरचं बोलणं, डबे अजून टेबलावरच होते. समोर बसली होती आमची करमाडवाली. तिचं माहेर करमाडच्या बाजूचं, सासरही तिकडचंच, शेतीवाडीची मोठी घरं. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांची वर्गवारी करायचं काम ती करते, हा प्रश्न शेतीचा, हा आरोग्याचा, हा देवाधर्माचा, असं. तिला आव्हान दिलं आणि तिने ते घेतलं नाही असं कधी झालेलं नाही.

"दावा की," ती डबा झाकत म्हणाली. "आमच्या बाजूचं एक काढा. गाव कळलं की बाकीचं मी बघते."

मी एक क्रमांक काढला. का तोच, तर त्यात करमाडच्या पलीकडच्या एका लहान गावाचं हवामान रोज सकाळी बघितलेलं होतं म्हणून. एवढंच कारण. ती पडद्याजवळ खुर्ची ओढून बसली, सर मागे उभे राहिले, आणि सुरुवातीला आम्ही तिघंही हसत होतो हे मला नीट आठवतं.

"हे गाव त्याचं. रोज बघतंय म्हणजे राहतंय तिथंच. पोरगी हाय का पोरगा?" तिने खाली सरकवलं. "बीएडचं हॉल तिकीट. आता बघा, ही दुसऱ्या गावाच्या यात्रेची तारीख. एवढ्याश्या गावची यात्रा बाहेरचं कोण बघतंय? ज्याचं आजोळ तिथलं हाय तेच. म्हंजी मामा तिथले."

"वा," सर म्हणाले.

"ठिबकचे पाइप, ठिबकच्या जोडण्या, ठिबकचे नवे दर. दर एवढे कशाला बघंल? बापाचं दुकान हाय." ती आता रंगात आली होती. "मेंदीचे नमुने. हळदीची साडी. जालना रोडच्या त्या हॉलचा रस्ता. लग्न ठरलंय, मॅडम. त्या गावची, ठिबकच्या दुकानवाल्याची, मामा त्या गावचे, बीएड झालेली आन् लग्न त्या हॉलात. अशी एकच पोरगी हाय."

"कोण?" सरांनी विचारलं.

तिचा हात खाली सरकवत राहिला. खालचे प्रश्न मलाही दिसत होते. फिटच्या गोळ्या चालू असताना लग्न करता येतं का. एक दिवस गोळी चुकली तर काय होतं. गोळ्या चालू असताना बाळ होतं का. सासरी गोळ्या कुठे ठेवाव्यात. आणि मग एकच ओळ, वेगवेगळ्या दिवशी परत परत: त्याला कसं सांगावं.

करमाडवाली उठली. डबा उचलला, परत ठेवला. "माझ्या भाच्याची व्हणारी बायको हाय ही," ती म्हणाली. "माझ्या भावाच्या पोराची. कुंकू मीच लावलंय तिला."

मी खिडकी बंद केली, पडद्यावरची म्हणते मी, पण वाचलेलं बंद कसं करायचं? सिद्ध करायला निघालो होतो की असं होऊ शकतं, आणि सिद्ध करता करता करून बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. करमाडवाली कामावर यायची, पण प्रश्नांच्या वर्गवारीत चुका करायची, बियाण्याचा प्रश्न आरोग्यात टाकायची. एरवी तिची बडबड ऐकून मी कानात बोळे घालायचे, आता ती बोलेना तर मला करमेना. शेवटी चहाच्या टपरीवर तीच फुटली.

"भावाला सांगू का नको? तुम्ही सांगा."

"नको."

"नको म्हणायला तुमचं काय जातंय? उद्या काय झालं तर भाऊ म्हणंल, आत्या असून गप बसली. पोराचा जन्माचा प्रश्न हाय."

"हे तुला कोणी सांगितलेलं नाही. तू चोरून वाचलंयस."

"चोरून?" तिने ग्लास आपटला. "तुम्हीच दावलं की."

खोटं काय होतं त्यात? मला तिचा राग आला, सरांचा आला, त्या मुलीच्या बापाचाही आला, ज्याने हे लपवून सोयरीक जमवली असणार. सगळ्यात जास्त राग त्या मुलीचाच आला, की बाई गं, एवढं सगळं एका चौकटीत कशाला टाइप केलंस? आणि मग लगेच स्वतःची लाज वाटली. कोणाला विचारणार होती ती? गावातल्या मेडिकलवाल्याला? तो तर मामाचं गावही ओळखतो.

मी एवढंच म्हणाले, "ती सांगायची वाट शोधतेय. तू वाचलंस ना? कसं सांगावं, एवढंच ती विचारत राहिलीय. तू आधी सांगितलंस तर तिची वाट बंद होईल. मग ती लपवणारी ठरेल, जन्मभर."

करमाडवालीने उरलेला चहा ओतून दिला. "लग्नाआधी नाय सांगितलं तिनं तर मी सांगनार," ती म्हणाली. बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला, अजून अवकाश होता; तो झाला की लग्न आलंच, म्हणून मी तेव्हापासून दिवस मोजायला लागले.

काम थांबवता येत नव्हतं. विद्यापीठातून फोन यायचे. सर मात्र बदलले होते. आता तेच मला विचारायचे, "मॅडम, काय केलं म्हणजे पोरगी सापडणार नाही?"

पहिल्यांदा मी क्रमांकच काढून टाकले. म्हणजे कोणता प्रश्न कोणत्या प्रश्नाच्या बरोबरीचा हे कळायला नको. पण वेळ जशीच्या तशी होती, आणि पाठोपाठच्या मिनिटांत एकाच गावाबद्दल विचारलेले प्रश्न एकाच माणसाचे असणार हे शेंबडं पोरही सांगेल. मग वेळही काढली, फक्त महिना ठेवला. एवढं झाल्यावर सरांनी सुस्कारा सोडला. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सुटा सुटा एकेक प्रश्न वाचून दाखवायला लागले.

आमच्या ॲपमध्ये बोलून शोधायचीही सोय आहे, आणि आमची माणसं त्या माइकपुढं फोनवर बोलल्यासारखी बोलतात. कोणाशी बोलायचं तर आधी आपण कोण ते सांगितलं पाहिजे, ही इथली रीत. म्हणून बोलून विचारलेला प्रश्न अर्धा प्रश्न असतो आणि अर्धी ओळख. हॅलो, मी अमक्या गावच्या माजी सरपंचाची धाकटी सून बोलते, मला तीन महिने झाले पाळी आली नाही. मी अमक्या शाळेचा शिपाई, हेडमास्तर पगार अडवतोय, तक्रार कुठं करू. अशा ओळीला दुसऱ्या कशाची जोड लागत नाही. एकटी पुरते.

सरांना पहिल्यांदा हसू आलं, मग ते गंभीर झाले. "माझी आईपण असंच बोलते," ते म्हणाले. "अगोदर माझं नाव सांगते, की मी ह्याची आई. मग गुडघ्याचं विचारते."

"म्हणून नावं शोधून पुसणं पुरणार नाही," मी म्हणाले. "सरपंचाची धाकटी सून यात नाव कुठंय?"

मग आम्ही उलट्या बाजूने गेलो. काय काढायचं ते शोधण्याऐवजी काय ठेवायचं ते ठरवलं. जो प्रश्न पुष्कळ वेगवेगळ्या माणसांनी, अगदी त्याच शब्दांत विचारलाय, तोच ठेवायचा. एकाच माणसाने शंभरदा विचारला तर तो एकच धरायचा, नाहीतर रोज हवामान बघणारी ती मुलगी स्वतःच गर्दी होऊन बसली असती. ही माणसांची मोजणी कंपनीतच, आमच्या मूळ लॉगवर करायची, आणि बाहेर जाईल ती फक्त गाळून उरलेली प्रश्नांची यादी. आकडे असलेले प्रश्न वेगळे काढून बघायचे, कारण लोक त्यात स्वतःचा नंबरही लिहितात. आणि एवढं करूनही फाइल उघड्यावर ठेवायची नाही. ज्याला हवी त्याने लिहून द्यायचं, की यातून माणूस शोधायचा प्रयत्न करणार नाही.

फाइल इतकी बारीक झाली की विद्यापीठातले गृहस्थ फोनवर हिरमुसले. खरं तर चिडलेच. "लोक जे एकदाच विचारतात तेच तर आम्हाला हवं होतं," ते म्हणाले. "तुम्ही पीठ ठेवून दाणे फेकून दिलेत."

"दाणे आमच्या गावचे आहेत," मी म्हणाले. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता हिला आवरावं. पण त्यांनी फोन घेतला आणि गृहस्थांना सांगितलं की ज्यांना बारीक अभ्यास करायचाय त्यांनी इथं यावं, आमच्या डोळ्यांसमोर, आमच्याच मशीनवर करावा. शब्द बदलून विचारायचा अभ्यासही इथंच. बाहेर मात्र एवढंच जाईल. याचा मला केवढा आधार वाटला ते सरांना मी अजून सांगितलेलं नाही.

तरी चैन नव्हतं. ही चाळणी काही मंत्र नाही. एखाद्या गावच्या सगळ्यांनी मिळून एकाच घराबद्दल काही विचारलं असेल तर ती गर्दीही त्या घराला झाकणार नाही. मी याद्या पुन्हा पुन्हा चाळायचे. आणि याद्या चाळताना डोक्यात चालू असायचं वेगळंच, की बस्ता कधी आहे.

बस्ता झाला तो रविवारी. सोमवारी करमाडवाली कामावर आली ती सरळ माझ्याकडे आली.

"सांगितलं तिनं," ती म्हणाली.

कपड्याच्या दुकानात बायका साड्या काढायला बसल्या होत्या, तेव्हा मुलीने मुलाला बाहेर बोलावलं. शेजारी रसवंती होती, तिथं रसाचे दोन ग्लास घेऊन. लहानपणापासून फिट येतात, गोळ्यांनी कैक वर्षं एकही आली नाही, घरच्यांनी सांगू नको म्हटलं होतं. एवढं एका दमात बोलली आणि म्हणाली, आता तुम्ही ठरवा. मुलाने संध्याकाळी आत्याला फोन केला. रडला. तिच्यावर चिडला नव्हता, तिच्या बापावर चिडला होता.

"आणि तू?"

"मी काय? मला आता कळल्यासारखं करावं लागलं. अगंबाई म्हनलं, कधीपासून म्हनलं." ती माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली. "पोरगं म्हनतंय, आत्या, तुला धक्का बसला का? बसला म्हनलं."

पुढं सगळं गोडच झालं असं नाही. मुलाच्या आईने अंथरूण धरलं. बापांची भांडणं झाली. मुलगा मुलीला घेऊन स्वतः डॉक्टरकडे गेला, काय विचारायचं ते सगळं विचारून आला, आणि मग म्हणाला, लग्न करायचं. त्याची आई अजून अधूनमधून टोमणे मारते. पण घरात जे कळलं ते सुनेने स्वतः सांगितलं म्हणून कळलं, कोणाच्या पडद्यावरून नाही.

लग्नाला मी गेले. जाऊ नये असं फार वाटत होतं. स्टेजवर करमाडवालीने माझी ओळख करून दिली, ह्या आमच्या मॅडम. मुलगी उंच, सावळी, हसताना ओठ मिटून हसणारी. तिची गोळी, तिचं आजोळ, तिची हळदीची साडी, तिला वाटलेली भीती, सगळं मला माहीत होतं, आणि ती पहिल्यांदाच मला बघत होती. वाकून तिने नमस्कार केला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "मॅडम, तुमचं गाव कोणतं?"

मी खरं सांगितलं. गाव सांगितलं, मामांचं गाव सांगितलं, तिने न विचारता. माझंही काहीतरी तिला माहीत असावं असं वाटलं. ती जरा गोंधळली आणि जेवून जा म्हणाली.

लग्नानंतर फाइल पाठवायचा दिवस आला. मी आणि करमाडवालीने शेवटची यादी एकदा ओळीने बघायला घेतली. हवामान, भाव, निकाल, उखाणे, उपवासाचे पदार्थ. गावांची लहान नावं गेली होती, यात्रा गेली होती, गोळ्या कुठे ठेवाव्यात गेलं होतं. सरपंचाची सून गेली होती. वाचून काहीच वाटत नव्हतं, आणि तेच हवं होतं.

मधेच करमाडवालीचं बोट थांबलं. यादीत ती ओळ होती. त्याला कसं सांगावं.

"ही काढायची राहिली," ती घाईने म्हणाली. "तिचीच हाय ना?"

"राहिली नाही. चाळणीतून आलीय. पुष्कळ जणांनी विचारलंय म्हणून उरलीय." मी म्हणाले. "यात ती असेलही. पण कोणती ती, हे आता कोणालाच काढता येणार नाही. मलाही नाही."

तिने ती ओळ पुन्हा वाचली. ज्या माणसांनी ती टाइप केली ती कोण, कुठली, काय सांगायचं होतं, कोणाला, हे त्या तीन शब्दांत काहीच नव्हतं.

"ठेवा मग," ती म्हणाली. आणि मग, माझ्याकडे न बघता, "त्यातलं एक माझं बी असंल."

आमच्याकडे असं कोणी बोललं की लगेच विचारतात, काय, कधी, कोणाला. माझ्या ओठावर आलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि वाट बघितली.

मी विचारलं नाही. यादीची पुढची ओळ घेतली.